दोन मिनिटांचे खंडन

परवा केंद्रातली वादविवाद स्पर्धा झाली. आपल्या सातवीच्या मुलीने दुसरा नंबर आणला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत दोन-चार जण तरी मला विचारून गेले, "गुरुजी, ते खंडन तिले तुमीच लिहून देल्लं होतं ना?" नाही. लिहून दिले नव्हते. पण सगळे तिने ऐनवेळी सुचून म्हटले, हेही खरे नाही. त्या दोन मिनिटांतला निम्मा मजकूर आठ दिवस आधी तयार होता आणि निम्मा तिथेच, समोरच्या मुलीच्या तोंडून आला. ते कसे जुळवले ते यंदाच्या भित्तिपत्रकात लिहून लावावे, असे वाटले.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या वर्षी मी आपल्या एका मुलाला खंडन पूर्ण लिहून दिले होते. दोन पाने, सुवाच्य अक्षरात. त्याने ते पाठ केले, आणि काय छान पाठ केले! स्पर्धेत समोरचा मुलगा भलतेच तीन मुद्दे बोलून खाली बसला. आपला उभा राहिला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात की खेळामुळे मुले आजारी पडतात." समोरचा तसे बोललाच नव्हता. तो जागेवरूनच म्हणाला, "म्या कवा म्हटलं?" सारे सभागृह हसले. आपला मुलगा पुढचे वाक्य विसरला आणि खाली बसला. त्यानंतर वर्षभर तो व्यासपीठावर चढला नाही. पोराच्या पाठांतरात काही खोट नव्हती. समोरचा काय बोलेल हे मी घरी बसून ठरवून टाकले होते, खोट तिथे होती.

भाषण आणि खंडन यांत फरक आहे. भाषणात आपण आपले म्हणणे मांडतो, ते पाठ असले तरी चालते. खंडन म्हणजे समोरच्याने जे म्हटले त्याला उत्तर. त्याने म्हटलेच नाही त्याला उत्तर दिले, तर ते हवेत काठी फिरवण्यासारखे होते. पण काहीच तयारी न करता गेले तर दोन मिनिटांत जीभ टाळ्याला चिकटते, हेही मी पाहिले आहे. मग यंदा असे ठरवले की उत्तर तयार करायचे, पण त्याचे तोंड उघडे ठेवायचे.

यंदाचा विषय होता, 'शाळेत रोज एक तास हातकामाचा असावा'. आपल्याकडे अनुकूल बाजू आली. भाषणाला तीन मिनिटे आणि खंडनाला दोन. दोघांची भाषणे झाल्यावर मध्ये दोन मिनिटांची उसंत, मग खंडन. मी घड्याळ लावून पाहिले, आपली मुलगी न धावता मिनिटाला साधारण ११० शब्द बोलते. म्हणजे खंडनात तिच्या हाती २२० शब्द. तेवढ्यात दोन मुद्द्यांना नीट उत्तर होते. तिसरा घेतला की तिन्ही अर्धवट राहतात.

मग आम्ही कार्डे केली. जुन्या लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात, त्यांची मागची कोरी बाजू कापून घेतली. समोरची बाजू काय काय म्हणू शकेल, हे मुलांनीच फळ्यावर लिहिले. नऊ गोष्टी निघाल्या. त्यातल्या काही एकाच गोष्टीची दोन रूपे होती. ती एकत्र करून चार उरल्या : अभ्यासाचा वेळ जातो, मुलांकडून मजुरासारखे काम करून घेतले जाईल, साहित्याला पैसा लागतो, आणि यंत्राच्या युगात हातकाम कशाला. चार गोष्टी, चार कार्डे.

प्रत्येक कार्डाचे तीन भाग केले. मुलांनी त्यांना डोके, मान आणि धड अशी नावे दिली, तीच मी वापरतो.

डोके म्हणजे वरची रिकामी ओळ. तिथे आधी काहीही लिहायचे नाही. स्पर्धेत समोरचा जे शब्द वापरेल त्यातले चार-पाच शब्द जसेच्या तसे तिथे पेन्सिलीने टिपायचे. त्याचा अर्थ आपण लावून लिहायचा नाही. तो म्हणाला 'वेळ कमी पडेल', तर 'वेळ कमी पडेल' असेच लिहायचे. 'वेळ वाया जाईल' असे लिहिले की झालीच गडबड! कमी पडणे आणि वाया जाणे यांत फरक आहे, आणि तो समोरच्याला बरोबर कळतो.

धड म्हणजे खालचा तयार मजकूर. तीन-चार वाक्ये, त्यात एक तरी पाहिलेली किंवा मोजलेली गोष्ट. हे पाठ करायचे. वेळेच्या कार्डाचे धड आपल्याच परसबागेतून आले. वाफा एक मीटर रुंदीचा होता आणि मेथीच्या ओळी २० सेंटीमीटरवर घ्यायच्या होत्या, दोन्ही कडांनासुद्धा ओळ धरून. ओळी किती येतील विचारले तर साऱ्या वर्गाने भागाकार करून सांगितले, पाच. दोरी लावून पाहिल्यावर निघाल्या सहा. जागा पाच, पण ओळी सहा! हे गणित वहीत चुकलेल्या मुलांचे वाफ्यावर चुकले नाही. हे तिने भाषणात सांगायचे नाही, खंडनासाठी राखून ठेवायचे, असे आम्ही ठरवले होते.

आता मान. डोके आणि धड यांना जोडणारे हे छोटे वाक्य. सगळी हिकमत इथे आहे, कारण ही तिथेच निवडायची असते. आम्ही चार माना ठरवल्या. पहिली, 'तसे घडत नाही', म्हणजे समोरच्याने सांगितलेली गोष्टच चूक आहे. दुसरी, 'खरे आहे, पण आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही'. तिसरी, 'खरे आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी'. चौथी, 'खरे आहे, आणि म्हणूनच हा तास हवा'.

मान चुकली की चांगले धडही फुकट जाते. सरावात हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. 'रोज एक तास गेल्यावर अभ्यासाला वेळ कमी पडेल' याला आपल्या मुलीने उत्तर दिले, "तसे घडत नाही!" आणि पुढे वाफ्याचे गणित सांगितले. मी विचारले, "बाई, तास गेला की नाही गेला?" ती गप्प. तास तर जातोच की! घड्याळ सगळ्यांना दिसते. खरी गोष्ट नाकारली म्हणून तिचे पुढचे चांगले गणितही कुणी मनावर घेतले नसते. तिने मान बदलली : "तास जातो हे खरे. पण त्या तासात गणितही होते, त्याहून पक्के होते." धडातला एकही शब्द बदलला नाही, तरी तेच धड आता नीट बसले.

तुम्ही म्हणाल, मग नेहमी 'खरे आहे, पण' म्हणावे. तसेही नको. समोरच्याने साफ चूक सांगितले आणि आपण 'खरे आहे' म्हणून बसलो, तर ती चूक आपल्या तोंडाने पक्की होते. म्हणून मान निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हे जे तो म्हणाला, ते माझ्या गावात खरे आहे का?

सरावाला समोरची बाजू कोण घेणार हा प्रश्न होता. मागच्या वर्षीचा तोच मुलगा, जो व्यासपीठावर चढत नाही, तो म्हणाला, "म्या बसतो समोर. पन उभा नाही राहीन." बसून बोल म्हटले. आणि मुलांनो, काय बोलला तो! रोज नवीन काहीतरी काढायचा. एक दिवस म्हणाला, मला हाताला फोड येतात. एक दिवस म्हणाला, आमच्या घरी कापूस वेचायला जावेच लागते, शाळेतही तेच कशाला? चार कार्डांत यातले काहीच नव्हते. तेव्हा आपली मुलगी पहिल्यांदा रडकुंडीला आली. "गुरुजी, माह्या कार्डात हे नोतंच!"

मग आम्ही वेगळा खेळ सुरू केला. मुद्दा कार्डावर नसला तर चारही धडे डोळ्यांपुढून फिरवायची, आणि यातले कोणते इथे लागू पडते ते शोधायचे. कापूस वेचण्याच्या मुद्द्याला तिला मजुरीच्या कार्डाचे धड सापडले. ते असे होते : 'शाळेत किती वस्तू झाल्या ते मोजायचे नाही, मुलाला काय कळले ते मोजायचे. ज्या दिवशी वस्तू मोजू लागाल, त्या दिवशी शाळेचा कारखाना होईल.' वेचणीत किलोवर पैसे मिळतात, शाळेच्या तासात किलो मोजत नाहीत, असा तिने सांधा लावला. मला ते पटले. समोर बसलेल्याला मात्र नाही पटले, तो म्हणाला, "हात तर तेच दुखते." त्याचेही खरेच. प्रत्येक मुद्द्याला पुरते उत्तर असतेच असे नाही. अशा वेळी तो मुद्दा सोडून आपल्याजवळ उत्तर आहे तो घ्यावा, मात्र समोरच्याचा सगळ्यात जड मुद्दा तेवढा सोडता येत नाही. हलके दोन उचलून जड तसाच ठेवला तर परीक्षकांच्या लगेच ध्यानात येते.

स्पर्धेच्या दिवशी वहीचे पान मध्ये दुमडून दिले होते. डाव्या बाजूला समोरच्याचे शब्द, उजव्या बाजूला कार्डाचा नंबर. समोर दुसऱ्या गावच्या शाळेची मुलगी होती, सहावीची असेल. तिने तीन मुद्दे मांडले. पहिला वेळेचा. तो अपेक्षित होता. तिसरा साहित्याच्या खर्चाचा, तोही अपेक्षित. पण दुसरा मुद्दा सांगताना तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, "माझे बाबा टोपल्या विणतात. शाळेशाळेत टोपल्या विणू लागले, तर माझ्या बाबांच्या टोपल्या कोण घेईल?" सभागृहात शांतता पसरली. मीसुद्धा पेन खाली ठेवला.

इथे जरा थांबून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण हाच प्रश्न आपल्या वर्ध्यातच पूर्वी एकदा विचारला गेला आहे. १९३७ सालच्या जुलैपासून गांधीजी 'हरिजन' साप्ताहिकात लिहीत होते की, मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून व्हावे आणि त्यातून शाळेचा खर्चही निघावा. त्यावर विचार करायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. तिथे के. टी. शहा नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी शंका काढली की, शाळांतला माल बाजारात येऊ लागला तर त्याच मालावर पोट भरणाऱ्या कारागिरांशी त्याची स्पर्धा होईल. त्या मुलीच्या बाबांच्या टोपल्यांचाच प्रश्न, फक्त मोठ्या माणसाच्या शब्दांत.

पुढे काय झाले ते आपल्या कामाचे आहे. परिषदेने ठरावात हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्य ठेवला. पण पैशाच्या बाबतीत शब्द मऊ आले. ही पद्धत हळूहळू शिक्षकांच्या पगारापुरते उत्पन्न देऊ शकेल, अशी अपेक्षा तेवढी व्यक्त केली. अभ्यासक्रम करायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्या समितीत विनोबा होते तसे शंका काढणारे के. टी. शहाही होते. डिसेंबर १९३७ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यात स्पष्ट इशारा आहे की कमाईच्या बाजूवर जास्त जोर दिला तर शिक्षणाचा हेतूच मागे पडेल. म्हणजे मूळ म्हणणे सोडले नाही, पण आक्षेपातला खरा भाग ते आपल्या मांडणीत घेऊन पुढे गेले. ही हकीकत मी मुलांना सरावातच सांगितली होती, पण शहांचा मुद्दा कार्डावर घ्यावा हे काही मला सुचले नाही. आपल्या केंद्रातली एखादी मुलगी तो विचारेल असे वाटलेच नाही.

आता परत सभागृहात. दोन मिनिटांच्या उसंतीत आपली मुलगी कार्डे हातात घेऊन बसली होती. तिच्याजवळ मजुरीचे कार्ड होते, सगळ्यांत जोरदार धड त्याच कार्डाचे. पण समोरची मजुरीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मला धास्ती वाटली की आता ही म्हणणार, 'माझे प्रतिस्पर्धी म्हणतात मुलांना मजूर बनवतील,' आणि पुन्हा मागच्या वर्षीसारखेच होणार. ती उठली. तिचे खंडन मी मागे बसून उतरवून घेतले. काही शब्द निसटले असतील, बाकी जसेच्या तसे :

"अध्यक्ष महोदय, माझी मैत्रीण म्हणाली, 'माझ्या बाबांच्या टोपल्या कोण घेईल?' आज इथे जे जे बोलले गेले त्यात हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, म्हणून मी आधी त्याला उत्तर देते. तिची भीती खरी आहे. शाळेने टोपल्या विकल्या तर तिच्या बाबांचे नुकसान होईल. म्हणून शाळेने टोपल्या विकू नयेत, असे मीही म्हणते. शाळेत किती वस्तू झाल्या ते मोजायचे नाही, मुलाला काय कळले ते मोजायचे. ज्या दिवशी वस्तू मोजू लागाल, त्या दिवशी शाळेचा कारखाना होईल. आणि कारखाना झाला, तर तिच्या बाबांचे पोट मारले जाईल. ती आणखी म्हणाली, 'साहित्याला पैसा कुठून आणणार?' साहित्य गावातले, आणि शिकवणारे पण गावातले. मग टोपली कशी विणायची हे आम्हाला कोण शिकवेल? तिचे बाबाच शिकवतील. आज शाळेत त्यांना कुणी गुरुजी म्हणत नाही. हा तास झाला तर म्हणतील. आता वेळेबद्दल. रोज एक तास जातो, हे खरे. पण एक मीटरच्या वाफ्यात वीस सेंटीमीटरवर ओळी किती, हे आम्ही वहीत चुकलो, वाफ्यावर नाही चुकलो. वहीत पाच आल्या होत्या, मातीत सहा निघाल्या. माझ्या मैत्रिणीने जो धोका दाखवला तो टाळून हा तास असावा, एवढेच माझे म्हणणे आहे."

यातले तयार किती आणि तिथले किती ते पाहा. 'शाळेत किती वस्तू झाल्या' पासून 'कारखाना होईल' पर्यंत मजुरीच्या कार्डाचे धड, शब्द न शब्द तसेच. फक्त शेवटी तिने एक वाक्य जोडले, तिच्या बाबांच्या पोटाचे. त्या एका वाक्याने मजुरीचे उत्तर टोपलीचे उत्तर झाले. 'साहित्य गावातले, आणि शिकवणारे पण गावातले' हे खर्चाच्या कार्डाचे धड. ते आम्ही पैसे वाचतात हे सांगायला लिहिले होते, तिने ते त्या मुलीच्या बाबांना मान द्यायला वापरले. वाफ्याचे गणित वेळेच्या कार्डावरचे. बाकी 'तिची भीती खरी आहे' हे, आणि शाळेने विकू नये ही कबुली, ही तिची तिथली. यंत्रयुगाचे कार्ड तिने उलटे करून मांडीवर ठेवून दिले. त्यावरची ओळ तिला फार आवडायची, पण तो विषय कुणी काढला नाही म्हणून तिने ते वापरले नाही. हे सोपे नसते. पाठ केलेले चांगले वाक्य तोंडात आले की बाहेर पडायला बघते.

एक बारीक गोष्ट आणखी. ती 'प्रतिस्पर्धी' म्हणाली नाही, 'माझी मैत्रीण' म्हणाली. मी शिकवले नव्हते. पण टोपल्यांचा प्रश्न काढणाऱ्या मुलीशी तसेच बोलायला हवे होते. समोरच्याचे म्हणणे आपण नीट मांडले की नाही याची एक खूण आहे. आपण ते सांगत असताना समोरच्याकडे पाहायचे. त्याची मान होकाराने हलली तर बरोबर सांगितले. तो शेजाऱ्याकडे वळून काही बोलू लागला, तर कुठेतरी आपण त्याचे शब्द फिरवले. ती सहावीतली मुलगी पहिल्या वाक्यापासून मान हलवत होती.

आता चुका. परीक्षकांनी नंतर दोन सांगितल्या. एक, सुरुवातीचे कबूल करणेच लांबले. तिने त्याला जवळजवळ चाळीस सेकंद घेतले, म्हणून शेवटी वाफ्याचे गणित घाईत झाले आणि सहा ओळी कशा, हे कुणाला नीट समजले नाही. कबुली एका वाक्याची हवी. दुसरी चूक माझी. एक परीक्षक म्हणाले, "तुम्ही त्यांना शिकवायला बोलावणार, छान. पण त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडेल, तो कोण देणार?" याला आमच्या कुणाजवळ उत्तर नव्हते. 'शिकवणारे पण गावातले' हे वाक्य कार्डावर लिहिताना त्यांच्या रोजाचा विचार मी केलाच नव्हता. पहिला नंबर आलेल्या शाळेनेही त्याचे उत्तर दिले नाही, त्यांना कुणी विचारलेही नाही. पण आपल्या कार्डावर ती उणीव आता लाल शाईने लिहिली आहे.

तसेच खंडनात नवा मुद्दा काढायचा नाही, हे लक्षात ठेवा. तिच्या बाबांना शिकवायला बोलवायचे, हा नवा मुद्दा झाला की नाही यावर परीक्षकांत थोडे मतभेद होते असे कळले. माझ्या मते ते उत्तरच होते, कारण समोरच्या प्रश्नातून निघाले. पण काठावरचे होते, हे मान्य करतो. समोरच्याने न काढलेली गोष्ट आपण काढली, तर तिला उत्तर द्यायची त्याला संधी राहत नाही, म्हणून तो नियम आहे.

बक्षीस वाटप झाल्यावर दोघी मुली पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. समोरच्या शाळेची आपल्या मुलीला म्हणाली, "माह्या बाबाले सांगतो म्या." काय सांगणार ते मला ऐकू आले नाही.

कार्डांचा गठ्ठा याच भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला दोऱ्याने टांगला आहे. चार जुनी कार्डे आहेत आणि बारा कोरी. डोक्याच्या ओळीत फक्त पेन्सिलीने लिहा, पेनाने लिहिले की कार्ड दुसऱ्याच्या कामाचे राहत नाही. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर पुन्हा सराव आहे. विषय आहे, 'गावातील आठवडी बाजार मुलांनी भरवावा'. प्रतिकूल बाजू कोण घेणार म्हणून विचारले, तर मागच्या वर्षीच्या त्या मुलाने नाव दिले आहे. या वेळी उभा राहून बोलणार म्हणतो.